सप्ताह समितीचं अध्यक्षपद नाकारायचं पत्र: कसं, कधी आणि कोणाला लिहावं

चैत्रात कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या भागात फिरलात तर कुठल्या ना कुठल्या सेक्टरमध्ये मंडप आणि दारात रांगोळी दिसतेच. रामनवमीला वीणा उभी राहते, हनुमान जयंतीला काला होतो. सातारा, जुन्नर, आंबेगावकडून मार्केटात कामाला आलेल्या लोकांनी गावचा हरिनाम सप्ताह इथे आणला आणि त्यासोबत गावची पद्धतही आणली: काल्याच्या कीर्तनानंतर, महाराज व्यासपीठावर असतानाच, पुढच्या वर्षीच्या अध्यक्षाचं नाव पुकारायचं आणि त्याच्या हातात नारळ ठेवायचा. ज्याचं नाव पुकारलं त्याला आधी विचारलेलं असतंच असं नाही.

मी अशाच एका समितीचा सचिव आहे. नकाराची पत्रं माझ्याकडे येतात आणि बैठकीत ती मोठ्याने वाचून दाखवायचं कामही माझंच. कोणतं पत्र दोन मिनिटांत मंजूर होतं आणि कोणत्या पत्रावर अर्धा तास वाद होऊन शेवटी त्याच माणसाला अध्यक्ष केलं जातं, हे मला समोरून दिसतं. म्हणून हा लेख पत्र घेणाऱ्याच्या बाजूने लिहिला आहे. गणेशोत्सव मंडळ, नवरात्र समिती किंवा सोसायटीतल्या मंदिराची समिती असली तरी यातलं बरंचसं लागू पडेल. पण उदाहरण मात्र सप्ताहाचंच घेतो, कारण तिथले बारकावे मला माहीत आहेत.

उदाहरणातला माणूस असा धरू. फळ मार्केटातल्या एका गाळ्यावर मेहताजी. हापूसच्या हंगामात रात्री गाड्या उतरतात, पहाटे व्यवहार सुरू होतो, दुपारी हिशोब संपवून तो घरी येतो. बायकोची नोकरी दिवसाची. घरी वडील आहेत, त्यांना उठवणं-बसवणं, औषध, जेवण हे दुपारनंतर त्याच्याकडे. सप्ताहात दरवर्षी येतो, टाळ चांगला वाजवतो, चार माणसांत शब्द आहे. म्हणूनच त्याचं नाव पुढे आलं. आणि म्हणूनच त्याला नकार देणं जड जातं.

नारळ हातात आला त्या क्षणी

व्यासपीठासमोर उभं राहून वाद घालू नये आणि नारळ परतही करू नये. तो प्रसाद म्हणून घ्यावा, महाराजांच्या पाया पडावं आणि शेजारी उभ्या असलेल्या मावळत्या अध्यक्षाला एवढंच सांगावं: "माऊली, घरी बोलून दोन दिवसांत कळवतो." हे वाक्य त्याच वेळी, दोन माणसांना ऐकू जाईल असं म्हणायला हवं. नंतर कोणी म्हणालं की नारळ घेतला म्हणजे पद घेतलं, तर त्या दोघांना आठवतं की उत्तर बाकी होतं.

त्याच संध्याकाळी समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदनाचे फोटो आणि हार येतात. तिथे "धन्यवाद, आपल्या सर्वांच्या आशीर्वादाने" असं लिहिलंत तर पुढचं पत्र दुबळं होतं. तिथेच लांबलचक नकारही लिहू नका. ग्रुपवर नकार दिला की प्रत्येक जण त्याखाली आग्रह लिहितो आणि चाळीस जणांना एकेकट्याने उत्तर द्यावं लागतं. "सर्वांचे आभार, समितीला लवकरच लेखी कळवतो" इतकं पुरे.

आधी एक गोष्ट तपासा

समिती दोन प्रकारची असू शकते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. एक म्हणजे नुसती उत्सव समिती: वर्गणी, मंडप, कीर्तनकार, महाप्रसाद, हिशोब, संपलं. दुसरी म्हणजे मंदिराचा नोंदणीकृत ट्रस्ट, जो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेला असतो. अशा ट्रस्टचे विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो आणि नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र त्याला जोडलं जातं.

तुमच्यापुढे कोणी "सगळ्यांच्याच सह्या घेतोय" म्हणत कागद ठेवला असेल तर तो काय होता, हे आठवा. नुसतं हजेरीपत्रक असेल तर काळजी नाही. संमतीपत्रावर सही झालेली असेल तर तुम्ही पद स्वीकारलेलं आहे आणि आता लिहायचा तो राजीनामा. त्यात तुमच्याकडची कागदपत्रं, चेकबुक, किल्ल्या कोणाला दिल्या ते लिहावं लागतं, आणि ट्रस्टने तो बदलही कळवायला हवा. खाली दिलेलं पत्र त्या कामाचं नाही. ते पद स्वीकारण्याआधीच्या नकाराचं आहे.

मुदत

आमच्याकडे काल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत हिशोबाची बैठक होते. जमा-खर्च वाचतात, भांड्यांची मोजदाद होते आणि नव्या कार्यकारिणीची नावं इतिवृत्तात चढतात. पत्र त्या बैठकीच्या आधी सचिवाकडे पोचलं पाहिजे, म्हणजे ते विषयपत्रिकेवर घेता येतं. इतिवृत्तात नाव चढल्यानंतर आलेल्या पत्राला उत्तर ठरलेलं असतं: "आता पुढच्या बैठकीत बघू." पुढची बैठक आषाढी वारीच्या नंतर, आणि तोवर पावती पुस्तकं छापून झालेली असतात. पावतीवर अध्यक्षाचं नाव असतं. ती पुस्तकं घेऊन पोरं दारोदार फिरायला लागली की नकार कागदावरच राहतो.

खरी धावपळ कीर्तनकारांच्या तारखांची असते. नावाजलेल्या महाराजांची तारीख वर्ष-वर्ष आधी धरावी लागते, आणि ती बोलणी नव्या अध्यक्षानेच सुरू करायची असतात. तुम्ही महिनाभर गप्प बसलात तर समितीचा महिना जातो. लवकर नकार देणं हीच इथे खरी सभ्यता आहे, भाषा त्यानंतर.

पत्राआधी भेट

तुमचं नाव ज्याने सुचवलं त्याला आधी भेटा, नाहीतर निदान फोन करा. बैठकीत पत्र वाचलं जात असताना त्याला पहिल्यांदा कळलं तर त्याचा अपमान होतो, आणि मग तोच सर्वात जास्त आग्रह धरतो. भेटीत कारणं उगाळू नका. "दादा, तुम्ही माझं नाव घेतलंत हे माझ्यासाठी मोठं आहे. पण मला जमणार नाही आणि मी तसं पत्र देतोय. बैठकीत तुम्हीच मला सांभाळून घ्या." शेवटच्या वाक्याने तो तुमच्या बाजूला येतो. वयाने मोठे बुवा असतील तर घरी जाऊनच सांगावं, फोनवर नाही.

कारण कसं लिहावं

पत्रातली सगळ्यात अवघड जागा हीच आहे. पहिल्यांदा लिहिणारा साधारण असं लिहितो:

"सध्या कामाच्या व्यापामुळे मला पुरेसा वेळ देणे शक्यतो जमेल असे वाटत नाही. तरी समितीने माझ्या अडचणीचा विचार करावा ही विनंती."

सभ्य आहे, पण हे वाचून झाल्यावर बैठकीत काय होतं ते सांगतो. एक जण म्हणतो, "शक्यतो नाही म्हणजे जमवलं तर जमेल." दुसरा म्हणतो, "व्याप कोणाला नाही?" तिसरा म्हणतो, "विचार करा म्हणालाय ना, केला विचार. तूच अध्यक्ष." आणि टाळ्या. पत्रानेच निर्णय समितीच्या हातात दिला, तर समितीने तो घेतला यात समितीचा काय दोष?

कारण असं हवं की ज्यावर समितीला तोडगा काढता येणार नाही. "वेळ नाही" यावर तोडगा असतो: आम्ही आहोत, तू फक्त रविवारी ये. पण "चैत्रात हापूसचा हंगाम ऐन भरात असतो आणि रात्री गाळ्यावर मलाच उभं राहावं लागतं" यावर कोणी काय बोलणार? निम्मी बैठक मार्केटातली असते. एप्रिलमध्ये गाळा सोडणं म्हणजे काय, हे त्यांना समजावायची गरज नसते. तुमचं काम वेगळं असेल तर तुमच्या कामाचा असा ठरलेला काळ शोधा: हिशोबनिसाला मार्चअखेर, शिक्षकाला परीक्षा, कंपनीतल्या माणसाला पाळी. सप्ताहाच्या दिवसांशी किंवा बैठकांच्या वेळेशी थेट टक्कर होते, हे एका वाक्यात दिसलं पाहिजे.

घरचं कारण लिहा, पण थोडक्यात. हे पत्र मंडपात, पन्नास माणसांसमोर वाचलं जातं आणि नंतर फाईलला लागतं. वडिलांचा आजार, ऑपरेशन, डॉक्टरांचं म्हणणं हे काही लिहू नका. एक तर वडिलांना ते आवडणार नाही. दुसरं म्हणजे, आजार लिहिला की बरा होण्याची तारीख विचारली जाते. "दुपारनंतर वडिलांची जबाबदारी माझ्याकडे असते" एवढ्यावर कोणीही खोदून विचारत नाही. मी तरी अजून पाहिलेलं नाही.

कारणं दोनच असावीत. पाच कारणं लिहिली की त्यातलं सगळ्यात लेचंपेचं कारण उचलून बैठक त्यावरच बोलते.

हिशोबाबद्दल तक्रार असेल, एखाद्या पदाधिकाऱ्याशी बिनसलं असेल, तर ते या पत्रात आणू नका. तो विषय वेगळा आहे आणि वेगळ्या पत्राने मांडायचा आहे. नकाराच्या पत्रात एक टोमणा आला तरी बाकी सगळं पत्र बहाणा वाटू लागतं.

सेवा आणि पद

ऑफिसातली बढती नाकारण्यात आणि यात फरक आहे तो इथे. "माऊलींची सेवा नाकारतोस?" हा प्रश्न येणारच, कधी चेष्टेत, कधी गंभीरपणे. त्याला पत्रातच उत्तर ठेवावं. सेवा करत आलो आहे, करत राहणार आहे, पद मात्र घेऊ शकत नाही. आणि नुसतं म्हणून भागत नाही. कोणती सेवा ते नेमकं लिहा, त्याला दिवस-वेळेची हद्द घाला.

आपला मेहताजी दुपारी घरी असतो, हिशोबात पक्का आहे. वडील झोपल्यावर तासभर बसून तो जमा-खर्चाची वही तपासू शकतो. काल्याच्या दिवशी गाळ्यावरून सुट्टी मिळते. तेव्हा त्याने लिहावं: रविवारी दुपारी एक तास वही तपासून देईन, काल्याच्या दिवशी महाप्रसादाच्या पंगतीला वाढायला उभा राहीन. "लागेल ती मदत करीन" असं लिहिलंत तर मंडपवाला, स्पीकरवाला, आचारी सगळ्यांचे फोन तुम्हालाच येतात, आणि पद नसतानाही अध्यक्षाचं काम गळ्यात पडतं. देवाचं कारणही नको. "माऊलींची इच्छा नसावी" असं लिहिणाऱ्याला बैठकीत एखादे बुवा हमखास विचारतात, "तुला कोणी सांगितलं?"

आपल्या जागी दुसऱ्याचं नाव सुचवायचा मोह होतो. त्याला विचारून होकार मिळवला असेल तरच सुचवा, आणि तेही तोंडी. पत्रात लिहिलेलं नाव फाईलला राहतं.

पत्र

साधा कोरा कागद पुरतो. एका पानात बसवा.

> ।। राम कृष्ण हरी ।।
>
> दिनांक: ……
>
> प्रति,
> मा. सचिव,
> …… हरिनाम सप्ताह समिती,
> सेक्टर ……, कोपरखैरणे, नवी मुंबई.
>
> विषय: पुढील वर्षाचे अध्यक्षपद स्वीकारू शकत नसल्याबाबत.
>
> महोदय,
> स. न. वि. वि.
>
> काल्याच्या दिवशी पुढील वर्षाच्या सप्ताहाचे अध्यक्ष म्हणून माझे नाव जाहीर करण्यात आले. समितीने आणि ज्येष्ठ माऊलींनी माझ्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल मी मनापासून आभारी आहे.
>
> तथापि हे पद मी स्वीकारू शकत नाही. सप्ताहाचा काळ हाच फळ मार्केटातील हापूसच्या हंगामाचा काळ असून त्या दिवसांत रात्रीपासून दुपारपर्यंत मला कामावर हजर राहावे लागते. दुपारनंतर घरी वडिलांची जबाबदारी माझ्याकडे असते. अध्यक्षाने परवानग्या, देणगीदारांच्या भेटी आणि सात दिवसांचे नियोजन यांसाठी स्वतः उपस्थित असणे आवश्यक आहे. ते माझ्याकडून होणार नाही आणि नावापुरते पद घेणे मला योग्य वाटत नाही.
>
> माझा हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे. कृपया येत्या बैठकीत हे पत्र वाचून त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी आणि पावती पुस्तके, पत्रिका व परवानगीचे अर्ज यांवर माझे नाव अध्यक्ष म्हणून घालू नये, ही विनंती.
>
> सप्ताहातील माझी सेवा नेहमीप्रमाणे चालू राहील. दर रविवारी दुपारी एक तास जमा-खर्चाची वही तपासून देईन आणि काल्याच्या दिवशी पंगतीला वाढण्यासाठी उपस्थित राहीन.
>
> नूतन अध्यक्षांना माझे पूर्ण सहकार्य राहील.
>
> आपला नम्र,
> (सही)
> (पूर्ण नाव, सेक्टर, मोबाइल)

यात "स्वीकारू शकत नाही" हे वाक्य आभारानंतर लगेच आहे, कारणांच्या आधी. हे मुद्दाम केलं आहे. कारणं आधी आली की ऐकणारे मध्येच बोलायला लागतात आणि नकार कोणाच्या कानावर पडतच नाही. निर्णय आधी ऐकला की कारणं शांतपणे ऐकली जातात.

"यंदा" किंवा "तूर्तास" हे शब्दही मुद्दाम टाळले आहेत. पुढच्या एखाद्या वर्षी पद घ्यायची खरोखर इच्छा असेल तर जरूर लिहा, पण मग लक्षात ठेवा की समिती तो शब्द धरून ठेवते. पुढच्या काल्याला पहिला नारळ तुमच्याच हातात येईल.

पत्र लिहून झालं की घरात कोणासमोर तरी मोठ्याने वाचा. जिथे वाचताना अडखळाल तिथे वाक्य लांब झालंय. जिथे ऐकणारा "पण मग..." म्हणेल तिथे फट राहिली आहे.

पोच

दोन प्रती काढा. एक सचिवाला द्या. दुसरीवर "मिळाले", तारीख आणि सही घ्या. गावकीतल्या माणसाकडून पोच मागायला लाज वाटते, मला कळतं. "तुमच्या फाईलला एक, माझ्याकडे एक" म्हणून सहज पुढे करा, कोणी वाईट वाटून घेत नाही. मग तिचाच फोटो सचिवाला व्हॉट्सअॅपवरही पाठवा. बैठकीनंतर आठवड्याने इतिवृत्ताची वही बघायला मागा. "श्री. …… यांचे पत्र वाचून त्यांचा नकार मान्य करण्यात आला" अशा अर्थाची ओळ त्यात हवी. "पत्रावर चर्चा झाली" एवढंच असेल तर काम झालेलं नाही.

"अहो, फक्त नाव असू द्या"

पत्र दिल्यावरही हा शेवटचा आग्रह होतो. काम आम्ही करतो, तुम्ही फक्त नाव द्या. इथे बरेच जण वाकतात, कारण ते फुकटचं वाटतं.

नाव कुठे कुठे जातं ते बघा. मंडपासाठी महापालिकेच्या परवानगीचा अर्ज, स्पीकरसाठी पोलीस ठाण्याचा अर्ज, बँकेच्या खात्यावरच्या सह्या. स्पीकरचंच घ्या. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद ठेवायचा असतो. काकडा पहाटेचा, म्हणजे तो स्पीकरविनाच व्हायला हवा. एखाद्या उत्साही पोराने पहाटे पाचला स्पीकर लावला आणि शेजारच्या बिल्डिंगमधून तक्रार गेली, तर पोलिसांचा फोन परवानगीवर ज्याचं नाव आहे त्याला जातो. तो त्या वेळी मार्केटात पेट्या मोजत असतो. तेव्हा उत्तर साधं ठेवा: "नाव माझं आणि काम तुमचं, असं झालं तर उद्या मला उत्तर देता येणार नाही." हे तोंडीच सांगा, नवं पत्र लिहू नका. दुसरं पत्र आलं की पहिलं पक्कं नव्हतं असा अर्थ होतो.

तरीही पत्रिकेवर नाव आलं तर

होतं असं कधी कधी. पत्रिकेचा मजकूर गेल्या वर्षीच्या फाईलवरून किंवा ग्रुपवरच्या फोटोवरून प्रेसमध्ये जातो आणि नाव तसंच राहतं. बहुतेक वेळा यात कोणाचा डाव नसतो. पत्रिका दिसली त्याच दिवशी सचिव आणि अध्यक्ष दोघांना, ग्रुपवर न टाकता, पोच घेतलेल्या प्रतीचा फोटो जोडून एवढं पाठवा:

"राम कृष्ण हरी. छापील पत्रिकेत माझे नाव अध्यक्ष म्हणून आले आहे. माझे नकाराचे पत्र समितीकडे दिलेले असून बैठकीत त्याची नोंद झाली आहे. उरलेल्या पत्रिका, फ्लेक्स आणि परवानगीच्या अर्जांत दुरुस्ती करावी ही विनंती. रविवारी वही तपासायला येतोय."

वाटलेल्या पत्रिका परत मागायचा हट्ट धरू नका, त्या येत नाहीत. फ्लेक्सवर नव्या नावाची पट्टी चिकटवता येते. पोलीस आणि महापालिकेच्या अर्जावरचं नाव मात्र बदललंच पाहिजे. सचिवाला सवड नसेल तर त्याच्यासोबत स्वतः पोलीस ठाण्यात आणि विभाग कार्यालयात जा आणि दुरुस्त अर्जाची पोच हातात घेऊनच या.